आकृतीखालच्या चार ओळी

25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'च्या अंकात डीएनएच्या रचनेबद्दलचा वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर छापून आला. पेपर पान-सव्वा पानाचा आणि त्यात आकृती एकच. एकमेकींभोवती वळत गेलेल्या दोन फिती, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या आणि मधून गेलेली एक उभी रेघ. ती काढली होती ओडील क्रिक यांनी, म्हणजे फ्रान्सिस क्रिक यांच्या चित्रकार पत्नीने. ही आकृती पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. तिच्याखालचा मजकूर मात्र सहसा मागेच राहिला, आणि तो वाचण्यासारखा आहे.

त्यात फक्त तीन लहान वाक्यं आहेत. पहिलं सांगतं की ही आकृती निव्वळ कल्पना देण्यापुरती काढलेली आहे. दुसरं सांगतं की दोन फिती म्हणजे फॉस्फेट आणि साखर यांच्या दोन साखळ्या, आणि आडव्या दांड्या म्हणजे त्या साखळ्यांना धरून ठेवणाऱ्या बेसच्या जोड्या. तिसरं सांगतं की उभी रेघ हा धाग्याचा अक्ष आहे. चित्रात जितक्या प्रकारच्या खुणा आहेत तितक्यांचा अर्थ लागला आणि मजकूर संपला.

या तीन वाक्यांत जागा वाचवायची म्हणून एक गाळायचं ठरवलं तर बहुतेकांचा हात पहिल्याकडे जाईल, कारण ते कोणत्याच खुणेचा अर्थ सांगत नाही. पण आकृतीचा खरेपणा त्या वाक्यावरच उभा आहे. ते नसेल तर फितीची रुंदी, दांड्यांमधलं अंतर, वळणाचा कोन हे सगळं मोजून काढलंय असा वाचकाचा समज होईल. मोजमापं पेपरात आहेतच: साखळीतल्या लगतच्या दोन घटकांमध्ये अक्षाच्या दिशेने 3.4 आँगस्ट्रॉम अंतर, आणि 34 आँगस्ट्रॉमनंतर तीच रचना पुन्हा. पण ती मुख्य मजकुरात आहेत. आकृती त्या मापाने काढलेली नाही, म्हणून आकृतीखाली ती दिलेली नाहीत.

त्याच अंकात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांचाही पेपर आहे. त्यांचं क्ष-किरणांनी घेतलेलं छायाचित्र आता फार प्रसिद्ध आहे. त्याच्यासोबतचा मजकूर आणखी आखूड आहे: पदार्थाचं रासायनिक नाव, तो वासराच्या थायमस ग्रंथीतून घेतल्याचा उल्लेख आणि 'रचना बी' ही नोंद. कशाचं छायाचित्र, ते कुठून मिळालं आणि कोणत्या रूपात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आली. डीएनएचे धागे ओलाव्याप्रमाणे दोन रूपं घेतात हे त्यांनी दाखवलं होतं. त्यामुळे 'बी' हे अक्षर गाळलं असतं तर छायाचित्र कोणत्या रूपाचं आहे हेच कळलं नसतं.

शोधनिबंधातल्या आकृतीखालचा मजकूर, म्हणजे संशोधक ज्याला लेजंड म्हणतात तो, आणि तक्त्यावरचं शीर्षक, हे दोन्ही आखूड असावं आणि तरी मूळ पेपर न वाचता समजावं अशी बहुतेक जर्नलांची अपेक्षा असते. लेखकाला या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात वाटतात. आखूड करायला गेलं की काहीतरी सुटतं, आणि सगळं सांगायला गेलं की अर्धं पान भरतं. माझं मत असं की त्या विरोधात नाहीत. लांबलेल्या लेजंडमध्ये बहुतेक वेळा नको ते भरलेलं असतं आणि हवं ते त्यातच नसतं. आखूड करणं आणि पूर्ण करणं हे एकाच बैठकीत होणारं काम आहे.

पेपर वाचणारे लोक तो पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचत नाहीत. शीर्षक, सारांश आणि मग थेट आकृत्या, हा अनेकांचा क्रम असतो. शिवाय आकृती पेपरातून बाहेर पडते. कुणी ती व्याख्यानाच्या स्लाइडवर घेतं, कुणी आढावा-लेखात परवानगी घेऊन छापतं, कुणी पदवीच्या वर्गात दाखवतं. तिच्यासोबत फार तर लेजंड जातो, 'साहित्य आणि पद्धती' हा भाग जात नाही. 'तपशील मजकुरात दिल्याप्रमाणे' हे वाक्य तिथे निरुपयोगी ठरतं.

एक उदाहरण घेऊन बघू. हा प्रयोग आणि त्यातले आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण असे लेजंड रोज लिहिले जातात. पेपर बहुधा इंग्रजीत असतो, सोयीसाठी इथे मराठीत लिहितो. हरभऱ्याच्या रोपांना खारं पाणी दिलं तर मुळांचं काय होतं, हा प्रयोगाचा विषय. आकृतीत दोन भाग आहेत: एक छायाचित्र आणि एक स्तंभालेख. लेखकाने पहिल्या खर्ड्यात लिहिलंय:

"आकृती 2. मुळांच्या लांबीवर मिठाचा परिणाम. या आकृतीत मिठाच्या वेगवेगळ्या प्रमाणांचा रोपांवर काय परिणाम होतो हे दाखविले आहे. बियाणे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात 5 मिनिटे ठेवून, शुद्ध पाण्याने तीनदा धुऊन वाळूच्या कुंड्यांत पेरले व टी0, टी1, टी2 याप्रमाणे पाणी दिले. (अ) रोपांचे छायाचित्र. (आ) मुळांची लांबी. आलेखावरून स्पष्ट दिसते की मिठाचे प्रमाण वाढल्यास मुळांची लांबी लक्षणीयरीत्या घटते, यावरून हरभरा हे पीक मिठाला अत्यंत संवेदनशील असल्याचे सिद्ध होते. एकूण संख्या 30. तारांकन लक्षणीय फरक दर्शविते. इतर तपशील मजकुरात दिल्याप्रमाणे."

इतकं वाचूनही वाचकाचे प्रश्न शिल्लक राहतात. टी1 म्हणजे किती मीठ? पाणी किती दिवस दिलं? स्तंभांवर ज्या उभ्या रेघा आहेत, ज्यांना एरर बार म्हणतात, त्या कशाच्या? 30 म्हणजे 30 रोपं, 30 कुंड्या की 30 मोजमापं? लक्षणीय फरक कुणाशी तुलना करून, आणि कोणत्या चाचणीने? शीर्षकात तर वनस्पतीचं नावही नाही. ते थेट शेवटी, निष्कर्षाच्या वाक्यात येतं.

आता यात काय उगाच आहे ते पाहू. 'या आकृतीत दाखविले आहे' हे वाक्य पूर्ण जाऊ शकतं, कारण आकृतीत काहीतरी दाखवलेलं असतं हे वाचकाला ठाऊक आहे. बियाणं निर्जंतुक कसं केलं हे पद्धतीच्या भागात आहे आणि आलेख वाचायला त्याची गरज नाही. 'आलेखावरून स्पष्ट दिसते' पासून 'सिद्ध होते' पर्यंतचा मजकूर निकालाचा आणि चर्चेचा आहे. तो इथे नुसता जास्तीचा नाही, चुकीचाही आहे. एका वाणाच्या रोपांवर काही दिवस केलेल्या कुंड्यांमधल्या प्रयोगावरून संपूर्ण पिकाबद्दल काही सिद्ध होत नाही. लांबट लेजंडमधला अचूकपणा बहुतेक वेळा याच जागी ढळतो, कारण मुख्य मजकुरात लेखक जपून लिहितो, रिव्ह्यूअर तिथे बारकाईने वाचतो, आणि आकृतीखाली मात्र सैल विधान तसंच राहून जातं.

हे गाळून आणि राहिलेलं भरून असा लेजंड होतो:

"आकृती 2. 14 दिवस खारे पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या रोपांची मुळे. (अ) 0, 50 आणि 100 मिलिमोलर मीठ असलेल्या पाण्यावर वाढलेली प्रातिनिधिक रोपे. आडवी रेघ: 2 सेंटिमीटर. (आ) मुख्य मुळाची लांबी. स्तंभ: 6 कुंड्यांची सरासरी (प्रत्येक कुंडीत 5 रोपे). ठिपके: एकेका कुंडीची सरासरी. उभ्या रेघा: कुंड्यांमधील प्रमाण विचलन. तारांकन: 0 मिलिमोलरच्या तुलनेत पी 0.05 पेक्षा कमी, डनेट चाचणी."

मजकूर बराच आखूड झाला आणि वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली. टी0, टी1, टी2 ही नावं गेली, कारण ती लेखकाच्या प्रयोगवहीतली आहेत. आलेखाच्या आडव्या अक्षावर थेट 0, 50, 100 लिहिलं की लेजंडला काही उलगडून सांगावंच लागत नाही. अनेक लेजंड लांबतात ते आकृतीत राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी. पाच रंगांच्या पाच रेघा असतील आणि प्रत्येक रेघ कशाची हे खाली लिहिलं असेल, तर वाचकाची नजर सारखी वर-खाली होत राहते. रेघेच्या टोकालाच नाव लिहिलं तर खालच्या दोन ओळी वाचतात. 'लाल रेघ म्हणजे' हे वाक्यही टळतं, जे काळ्या-पांढऱ्या छपाईत किंवा लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकाला काहीच सांगत नाही.

शीर्षकाबद्दल मतभेद आहेत. काही जर्नलांना निकाल सांगणारं शीर्षक आवडतं: 'खाऱ्या पाण्याने हरभऱ्याची मुळे आखूड राहतात'. काहींना फक्त विषय सांगणारं हवं असतं, वर मी लिहिलंय तसं. निकाल सांगणारं शीर्षक वाचकाला लवकर जागेवर आणतं हे खरं. पण मग त्या वाक्याने आलेखात दिसतं तेवढंच बोलायला हवं. 50 मिलिमोलरच्या स्तंभावर तारा नसेल आणि फक्त 100 च्या स्तंभावर असेल, तर 'खाऱ्या पाण्याने' म्हणणं खोटं ठरतं, '100 मिलिमोलर मिठाने' म्हणावं लागतं. मला स्वतःला विषय सांगणारं शीर्षक अधिक सुरक्षित वाटतं, विशेषतः नव्याने लिहिणाऱ्यांसाठी. निकाल बदलला तरी ते चुकत नाही.

आता त्या 30 कडे येऊ. मला ही सगळ्या लेजंडांमधली सर्वांत महत्त्वाची जागा वाटते. प्रयोगात प्रत्येक प्रमाणासाठी 6 कुंड्या होत्या आणि प्रत्येक कुंडीत 5 रोपं. रोपं 30 झाली हे खरं, पण खारं पाणी रोपाला वेगवेगळं दिलं नव्हतं, कुंडीला दिलं होतं. एका कुंडीतली पाच रोपं एकच वाळू, एकच पाणी, एकच ऊन वाटून घेतात. ती एकमेकांसारखी वाढणारच. म्हणून स्वतंत्र पुरावे 6 आहेत, 30 नाहीत. 1984 साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसरविज्ञानातल्या प्रयोगांचा आढावा घेताना या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' हे नाव दिलं आणि ते तेव्हापासून रूढ झालं. लेजंडमध्ये नुसतं 'संख्या 30' लिहिलं की ही चूक झाली आहे की नाही हे वाचकाला कळायला मार्गच राहत नाही. '6 कुंड्या, प्रत्येकी 5 रोपे' लिहायला दोन-तीन शब्द जास्त लागतात आणि ते शब्द कुठल्याही शब्दमर्यादेत वाचवू नयेत.

एरर बारचंही असंच. समजा, कुंड्यांच्या सरासरींमधलं प्रमाण विचलन 1.8 सेंटिमीटर आहे. ते मोजमापं एकमेकांपासून किती पसरलेली आहेत हे सांगतं. सरासरीची प्रमाण त्रुटी ही वेगळी गोष्ट: सरासरी किती नेमकी कळली आहे हे ती सांगते, आणि ती काढायला विचलनाला संख्येच्या वर्गमुळाने भागतात. 6 चं वर्गमूळ साधारण 2.45, म्हणून त्रुटी झाली 0.73 सेंटिमीटर. आणि कुणी 30 ही संख्या धरून, विचलन साधारण तेवढंच मानून भागलं तर उत्तर येतं 0.33. म्हणजे एकाच प्रयोगावर 1.8, 0.73 किंवा 0.33 सेंटिमीटर लांबीची रेघ काढता येते. तिसरी रेघ पाहून निकाल फार पक्का वाटेल, पहिली पाहून ढिला. कोणती रेघ काढली हे लेजंडमध्ये नसेल तर आलेख बघून काहीही ठरवता येत नाही. कमिंग, फिडलर आणि व्हॉ या तिघांनी 2007 साली 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त एरर बारवर एक छोटा लेख लिहिला. त्यांनी दिलेल्या नियमांतले पहिले दोन हेच आहेत: बार कशाचे आहेत ते लेजंडमध्ये सांगा, आणि स्वतंत्र प्रयोगांची संख्या सांगा.

हे न सांगितल्याचा परिणाम त्या एका पेपरपुरता राहत नाही. अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून मेटा-अॅनालिसिस करणारे लोक आकडे बहुधा तक्त्यांतून आणि आकृत्यांतून उचलतात. तक्त्यात '12.4 ± 0.7' असेल आणि 0.7 हे विचलन आहे की त्रुटी हे लिहिलेलं नसेल, तर त्यांना अंदाज करावा लागतो. त्रुटीला विचलन समजून घेतलं की त्या अभ्यासाचा परिणाम आहे त्याच्या कितीतरी पट मोठा दिसू लागतो. पीटर गोट्शे आणि सहकाऱ्यांनी 2007 साली 'जामा'मध्ये अशा 27 मेटा-अॅनालिसिसची फेरतपासणी प्रसिद्ध केली. प्रत्येकातले दोन-दोन अभ्यास पुन्हा उघडून पाहिल्यावर 17 ठिकाणी निदान एका अभ्यासाचे आकडे घेताना चूक झालेली आढळली. त्रुटी आणि विचलनाची अदलाबदल ही अशा चुकांची एक ओळखीची तऱ्हा आहे. म्हणून '±' हे चिन्ह दिसलं की त्याचा अर्थ त्याच तक्त्यात, त्याच आकृतीखाली लिहिलेला असायला हवा, आधीच्या आकृतीखाली लिहिला असला तरीही.

आधीच्या आकृतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चार आकृत्यांमध्ये तीच चिन्हं, तीच चाचणी असेल तर 'चिन्हे आकृती 2 प्रमाणे' लिहिण्याचा मोह होतो, आणि काही जर्नलं ते चालवूनही घेतात. प्रयोगाची लांबलचक पद्धत पुन्हा सांगण्याऐवजी असा निर्देश करणं ठीक आहे. संख्या, बारचा अर्थ आणि तुलनेचा गट मात्र प्रत्येक वेळी पुन्हा लिहावा. एक ओळ जाते. शिवाय पुढच्या आकृतीत संख्या बदललेली असते आणि 'आकृती 2 प्रमाणे' हे वाक्य नकळत चूक होऊन बसतं, असं फार वेळा घडतं.

तक्त्याच्या शीर्षकाचं काम थोडं वेगळं आहे. आकृतीचा मजकूर खाली येतो, तक्त्याचं शीर्षक वर, आणि तक्त्याला रकान्यांची नावं आणि तळटिपा अशा आणखी दोन जागा मिळतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशी याबाबत स्पष्ट आहेत: शीर्षक छोटं आणि स्वतःपुरतं समजणारं असावं, रकान्याचं नाव आखूड असावं, स्पष्टीकरण शीर्षकात न देता तळटिपेत द्यावं, तक्त्यातली रूढ नसलेली संक्षिप्त रूपं तळटिपेत उलगडावीत आणि विचलन की त्रुटी हे सांगावं.

आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये एक साचा ठरून गेला आहे: 'अभ्यासात सहभागी झालेल्या रुग्णांचे वय, लिंग, वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन व रक्तशर्करा यांची सरासरी व टक्केवारी दर्शविणारा तक्ता'. प्रबंधातून पेपर काढताना तोच साचा भाषांतर होऊन पुढे जातो. यात वय, लिंग, वजन ही यादी तक्त्याच्या पहिल्या रकान्यात आहेच. सरासरी आणि टक्केवारी रकान्याच्या नावात जाईल. 'दर्शविणारा तक्ता' काही सांगतच नाही. उलट रुग्ण कोणते, किती आणि मोजमापं कधीची, हे तिन्ही गायब आहे. याऐवजी: 'तक्ता 1. उच्च रक्तदाबाच्या 212 रुग्णांची उपचार सुरू होण्यापूर्वीची वैशिष्ट्ये, उपचारगटानुसार.' गटांची संख्या रकान्याच्या डोक्यावर: 'औषध अ (106)', 'औषध आ (106)'. एकक ओळीच्या नावात: 'वजन, किलो'. आणि हिमोग्लोबिन समजा 187 जणांचंच तपासलं गेलं असेल, तर त्या ओळीला खूण करून तळटीप द्यायची. ती तळटीप नसेल तर शीर्षकातला 212 हा आकडा त्या ओळीपुरता खोटा ठरतो.

याच तक्त्यावर आखूड करण्याचा हात कुठे चुकतो तेही दिसतं. समजा, पुढचा तक्ता सहा महिन्यांनंतरच्या रक्तदाबाचा आहे आणि 31 रुग्ण मध्येच उपचार सोडून गेले. शीर्षक होतं: 'सहा महिने उपचार पूर्ण केलेल्या 181 रुग्णांमधील रक्तदाबातील बदल'. शब्द कमी करा म्हटल्यावर ते होतं: 'रुग्णांमधील रक्तदाबातील बदल'. वाचायला छान, आणि अर्थाने वेगळंच. पहिलं शीर्षक फक्त टिकून राहिलेल्यांबद्दल बोलतं, दुसरं सगळ्यांबद्दल. सोडून गेलेल्यांना औषध मानवलं नव्हतं असं असेल तर दुसऱ्या शीर्षकाने औषध आहे त्याहून चांगलं दिसेल.

शब्द कमी करताना विशेषणांवर आधी कात्री चालते, आणि नेमकी हीच विशेषणं मर्यादा सांगणारी असतात. 'पूर्ण केलेल्या', 'प्रातिनिधिक', 'अंदाजित', 'वयानुसार समायोजित', 'स्वतः सांगितलेले'. 'स्वतः सांगितलेले धूम्रपान' आणि 'धूम्रपान' यांत फरक आहे, कारण पहिलं लोकांनी प्रश्नावलीत लिहिलं आणि ते खरं असेलच असं नाही. 'वयानुसार समायोजित मृत्यूदर' यातलं समायोजन गाळलं तर वाचक तो आकडा प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडून बघेल आणि गोंधळेल. म्हणून कात्री चालवताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हा शब्द काढल्यावर विधान अधिक लोकांना, अधिक प्रकरणांना किंवा अधिक काळाला लागू होतं का? होत असेल तर शब्द राहू द्या. काहीच फरक पडत नसेल तर काढा. 'दर्शविणारा', 'वेगवेगळ्या', 'तुलनात्मक अभ्यास', 'यांचा परिणाम' हे शब्द या परीक्षेत टिकत नाहीत.

स्वतःपुरता समजणारा लेजंड म्हणजे प्रयोग पुन्हा करता येईल इतका तपशील, असा अर्थ घेऊ नये. तसं केलं तर पद्धतीचा भाग आकृतीखाली येऊन बसतो. चित्राचा अर्थ लावायला लागेल तेवढाच तपशील लेजंडमध्ये हवा. सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रात मापाची रेघ किती मायक्रोमीटरची आणि पेशी कोणत्या रंगद्रव्याने रंगवल्या हे सांगावंच लागतं, कारण निळं काय आणि हिरवं काय हे त्यावर ठरतं. रंगद्रव्यात पेशी किती मिनिटं ठेवल्या हे सांगावं लागत नाही. आणि छायाचित्र 'प्रातिनिधिक' म्हटलं असेल तर कितींपैकी ते निवडलं हेही लिहावं. 'प्रातिनिधिक, 6 कुंड्यांपैकी एका कुंडीतील' म्हटलं की तो शब्द पोकळ राहत नाही. वरच्या माझ्या लेजंडमध्येही हे जोडता येईल, आणि जागा असेल तर जोडावं.

लेजंड पुरेसा आहे की नाही हे लेखकाला स्वतःला कळणं अवघड असतं, कारण त्याच्या डोक्यात पद्धतीचा भाग आधीच असतो. याला सोपा उपाय आहे. आकृती आणि लेजंड एवढंच एका कागदावर छापायचं आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या, विषय साधारण जाणणाऱ्या माणसाला द्यायचं. त्याला विचारायचं: काय मोजलंय, कशात किंवा कुणात मोजलंय, स्वतंत्र प्रयोग किती, रेघा कशाच्या, आणि तुलना कुणाशी आहे? जिथे तो अडेल तिथे शब्द घाला. उत्तरं देताना ज्या वाक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही ते वाक्य काढून टाकता येईल का, ते बघा. तक्त्यासाठीही हेच, फक्त तिथे कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवून विचारायचं: हा आकडा पूर्ण वाक्यात वाचून दाखव. 'औषध अ घेणाऱ्या 106 रुग्णांचं उपचारापूर्वीचं सरासरी वजन इतके किलो होतं' असं वाक्य त्याला अडखळल्याविना म्हणता आलं तर शीर्षक, रकाने आणि तळटिपा जुळल्या.

शेवटची चूक वेळापत्रकातून येते. आकृत्या सहसा पेपरच्या आधी तयार होतात आणि त्यांचे लेजंडही. मग रिव्ह्यूअर म्हणतो, एक कुंडी वगळा, तिथे बुरशी होती. लेखक विश्लेषण पुन्हा करतो, आलेख बदलतो, निकालाचा परिच्छेद बदलतो आणि लेजंडमध्ये '6 कुंड्या' तसंच राहतं. चाचणी बदलते, लेजंडमध्ये जुनी राहते. आकृतीतला 'आ' भाग काढून टाकला जातो आणि खाली त्याचं वर्णन उरतं. हे सापडतं ते सगळे लेजंड आणि शीर्षकं एका वेगळ्या फाइलीत सलग मांडली तरच. तिथे प्रत्येक आकडा अंतिम विश्लेषणाच्या निकालाशी ताडायचा, मजकुरातल्या आकड्याशी नाही, कारण मजकूरही जुना असू शकतो.

पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी भाषेवर शेवटचा हात फिरवायचा असतो हे खरं. पण त्यातला एक तास या फाइलीसाठी ठेवा, आणि ती वाचायला सहलेखकांपैकी अशा कुणाला तरी द्या ज्याने आकृत्या स्वतः काढलेल्या नाहीत.